वीस मिनिटांचं भाषण आणि फाटकाबाहेर गेलेली रेघ

रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमाचं छापून येणारं रूप आपल्या सगळ्यांना पाठ आहे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, हात पुढे करून घेतलेली शपथ, बॅनरमागे उभं राहून काढलेला फोटो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं ज्युनिअर कॉलेज आहे. तिथल्या बारावीच्या मुलामुलींसाठी झालेल्या कार्यक्रमाच्याही तशाच चार ओळी आल्या. लर्निंग लायसन्स काढायला निघालेल्या विद्यार्थ्यांना मॅडमनी वाहतुकीच्या नियमांबाबत मार्गदर्शन केलं, एवढंच त्यात होतं. मी सूत्रसंचालनाला होतो. त्यामुळे त्या चार ओळींच्या आधी काय घडलं, भाषणातून काय गळलं आणि काय उरलं, ते मला जवळून पाहायला मिळालं.

पहिला पेच होता बोलायचं कुणी याचा. एनसीसीच्या सरांना वाटत होतं, शिस्तीचा विषय म्हणजे आपला. भौतिकशास्त्राच्या मॅडमना वाटत होतं, ब्रेक आणि वेग म्हणजे आपला. सरांची तयारी दांडगी होती. अपघातांची आकडेवारी, चिन्हांचे तक्ते, इंटरनेटवरचे अपघातांचे व्हिडिओ असं सगळं त्यांनी एका पेन ड्राइव्हमध्ये जमवलं होतं. मॅडमकडे फक्त एक लाकडी मोजपट्टी होती. प्राचार्यांनी दोघांना बसवून घेतलं आणि सांगितलं की गणिताच्या तासाला हात लावता येणार नाही, मधल्या सुट्टीच्या आधीची वीस मिनिटं मिळतील, त्यात जो बसेल त्यानं बोलावं. सरांनी पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि मॅडमना म्हणाले, "बोला तुम्ही, मी मैदान आखून देतो." पुढे त्या भाषणात सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते सरांनी आखलेलं मैदानच.

मॅडमनी भाषणाआधी आठवडाभर वर्गाला एक गृहपाठ दिला होता. घरच्या दुचाकीचं आरसी बुक उघडायचं आणि त्यात लिहिलेली इंजिनाची क्षमता वहीत उतरवून आणायची. मुलांना वाटलं, ज्याच्याकडे मोठी गाडी त्याचं कौतुक होणार. वर्गात सोळा-सतराची मुलंच जास्त. काहींनी लर्निंग लायसन्सचा अर्ज भरायची तयारी केली होती, तर एकाकडे ते आलंही होतं आणि तो प्रिंट काढून मित्रांना दाखवत हिंडत होता. आकडे फळ्यावर मांडले गेले. घरोघरीच्या बिनगिअरच्या स्कूटर १०९ सीसीपासून १२४ सीसीपर्यंत, मोटारसायकली त्याहून वर. मग मॅडमनी त्या मुलाला त्याच्या लायसन्सवरचा वाहनाचा प्रकार मोठ्यानं वाचायला सांगितला. त्यावर MC50CC असं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ नुसार अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी सूट आहे ती ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरती, तीही पालकांच्या लेखी संमतीनं. आणि फळ्यावरच्या त्या लांबलचक यादीत ५० सीसीची एकही गाडी नव्हती. मुलाकडे लायसन्स होतं, पण ते चालेल अशी गाडी अख्ख्या वर्गात कुणाच्याच घरी नव्हती.

मुलांचं तोंड उतरलं आणि पालकांचे फोन सुरू झाले. एका वडिलांचं म्हणणं रास्त होतं. सकाळी पावणेसहाचा क्लास, गावापासून सात किलोमीटर, त्या वेळेला एसटी नाही, मग पोरानं जायचं कसं? मॅडमनी त्यांना कॉलेजात बोलावून घेतलं, चहा दिला आणि कलम १९९अ समोर ठेवलं. २०१९ च्या दुरुस्तीनं हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. 'मला ठाऊकच नव्हतं' असं म्हणायचं असेल तर ते पालकानंच सिद्ध करायचं. हे कलम लागूच होत नाही ते एका परिस्थितीत: मुलाकडे लर्निंग किंवा पक्कं लायसन्स असेल आणि ज्या गाडीचं ते आहे तीच गाडी तो चालवत असेल. म्हणजे पुन्हा ५० सीसीच. वडील बराच वेळ कागद वाचत राहिले. शेवटी म्हणाले, "मॅडम, गाडी माझ्या नावावर नाही, आमच्या आईच्या नावावर आहे." गाडीच्या मालक म्हणून सत्तरीच्या आजी यात अडकतील, हे त्यांना तेव्हा उमगलं. त्या आठवड्यात त्यांनी क्लासवाल्यांना गाठलं, त्याच वाटेवरच्या आणखी चार पालकांना जोडलं आणि क्लासची वेळ पहिल्या एसटीनंतरची करून घेतली. त्या बॅचमधल्या मुलींना तर अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास होताच. त्या आजवर तो कपाटात ठेवून भावाच्या मागे बसून येत होत्या.

रंगीत तालीम झाली स्टाफरूममध्ये. मॅडमची मोजपट्टी तिथं पहिल्यांदा बाहेर आली. प्रयोग साधा आहे. एकानं तीस सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून लटकवायची, दुसऱ्यानं खालच्या टोकाशी बोटं उघडी ठेवायची, पट्टी न सांगता सोडली की चिमटीत पकडायची. पट्टी जितके सेंटिमीटर निसटेल त्यावरून प्रतिक्रियेचा वेळ निघतो. पंधरा सेंटिमीटर निसटली तर साधारण ०.१७ सेकंद, वीस निसटली तर ०.२ सेकंद, आणि पूर्ण पट्टी हातातून गेली तर पाव सेकंद उलटून गेलेला असतो. एनसीसीचे सर पुढे आले आणि पहिल्याच झटक्यात त्यांनी बारा सेंटिमीटरवर पट्टी पकडली. स्टाफरूमनं टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "आता सतराचा पाढा उलटा म्हणत पकडा." सर एकशे सत्तर, एकशे त्रेपन्न, एकशे छत्तीस असं करत निघाले आणि पट्टी जमिनीवर आपटली. दुसऱ्यांदाही आपटली. तिसऱ्यांदा त्यांनी पाढा थांबवून पट्टी पकडली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सर, गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्याचं हेच होतं. हात दोन्ही हँडलला असतात, पण डोकं पाढ्यात असतं." ब्लूटूथ कानात घालून बुलेटवर येणारे आमचे सर त्या दिवसापासून फोन बॅगेत ठेवून येऊ लागले. मुलांसमोर हा प्रयोग करून दाखवायची जबाबदारीही त्यांनी हट्टानं स्वतःकडे घेतली.

त्या पट्टीच्या प्रयोगाला एक मर्यादा आहे आणि मॅडमनी ती मुलांपासून लपवली नाही. पट्टी पडणार हे आधीच माहीत असतं, डोळे तिच्यावरच खिळलेले असतात. रस्त्यावर कुत्रं आडवं येणार हे कुणी सांगत नाही. आधी ते दिसायला हवं, मग काय आहे ते कळायला हवं, मग हात ब्रेकवर जायला हवा. सावध चालकालाही यात एक सेकंद सहज जातो. एका मुलाचा यावर विश्वास बसेना, कारण पट्टी त्यानं अकरा सेंटिमीटरवर पकडली होती. तो मैदानावर रुमाल घेऊन धावत असताना मॅडमनी अचानक मागून त्याचं नाव पुकारलं. थांबून, वळून बघेपर्यंत तो बरीच पावलं पुढे गेला होता. त्यानंतर मैदानावर एका सेकंदाबद्दल कुणी वाद घातला नाही.

आता मैदानाचा किस्सा. सरांनी आणि शिपाईमामांनी सकाळीच फक्कीची पिशवी आणि खेळाच्या सामानातली मोजण्याची टेप बाहेर काढली होती. ठरलं होतं असं की मंचापाशी एक रेघ मारायची, तिथं मुलाला समोरचा धोका दिसला असं समजायचं आणि गाडी कुठं थांबते ती रेघ पुढे मारायची. ताशी ४० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ११ मीटर संपले. पुढे कोरडा डांबरी रस्ता, बरे टायर आणि नीट दाबलेले दोन्ही ब्रेक धरले तर आणखी १० मीटर लागतात. पहिली रेघ २१ मीटरवर पडली. ताशी ६० ला मामांनी मुलांना अंदाज विचारला. वेग दीडपट, म्हणजे अंतर दीडपट, बत्तीस मीटर, असं बहुतेकांनी सांगितलं. पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं. एका सेकंदात १७ मीटर गेले, ब्रेकला आणखी २३ मीटर लागले, एकूण ४०. मामा टेप धरून चालत निघाले ते पस्तीस मीटरला फाटकाशी पोचले आणि तिथं थांबून मागं बघू लागले. मॅडमनी हात हलवून पुढे जायला सांगितलं. दुसरी रेघ कॉलेजच्या फाटकाबाहेर, वर्दळीच्या रस्त्यावर मारावी लागली.

पण खरी मेख पुढेच होती. मॅडमनी सगळ्यांना पहिल्या रेघेपाशी, म्हणजे २१ मीटरवर उभं केलं. ४० नं येणारी गाडी इथं पूर्ण थांबली. ६० नं येणाऱ्या गाडीचा वेग याच जागी किती असेल? उत्तरं आली: वीस, पंधरा, फार तर तीस. मग फळा मैदानावर आणला गेला आणि गणित तिथंच सुटलं. ६० च्या गाडीचे पहिले १७ मीटर तर ब्रेकशिवाय गेले. उरलेल्या चार-साडेचार मीटरमध्ये वेग कितीसा उतरणार? उत्तर निघालं ताशी ५४ किलोमीटर. त्याच जागी, त्याच क्षणी धोका दिसलेल्या दोघांपैकी एक उभा असतो आणि दुसरा जवळपास पूर्ण वेगात समोरच्यावर आदळतो. गणिताचे सर गर्दीत मागे उभे होते. वीस मिनिटं द्यायला सुरुवातीला त्यांचा विरोध होता. ते पुढे आले, त्यांनी ताळा तपासला आणि उरलेला आपला तास त्यांनी आपणहून मॅडमना देऊन टाकला.

त्या जादा मिनिटांचा उपयोग झाला तो उसाच्या ट्रॉलीसाठी. आमच्याकडे कारखाने सुरू झाले की संध्याकाळनंतर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, रेडियमच्या पट्ट्या धुळीनं झाकलेल्या असतात किंवा नसतातच, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. एका मुलानं सांगितलं की त्याच्या चुलत्यांना ट्रॉली दिसलीच नव्हती, हेडलाइट चालू असूनही. मॅडमनी पुन्हा रेघांकडे बोट दाखवलं. दुचाकीच्या लो बीमचा कामाचा उजेड साधारण तीस-चाळीस मीटर पडतो आणि ६० ला थांबायला चाळीस मीटर लागतात, तेही चालक ताजातवाना असेल आणि रस्ता कोरडा असेल तर. रात्री ओळखायला अर्धा सेकंद जास्त लागला की आणखी आठ मीटर गेले. म्हणजे ट्रॉली उजेडात येते तेव्हा थांबायची वेळ निघून गेलेली असते. अंधाऱ्या रस्त्यावर वेग किती ठेवायचा, याचं उत्तर मुलांनी स्वतःच काढलं: उजेड संपतो त्याच्या आत गाडी थांबली पाहिजे, म्हणजे चाळीसच्या आसपास. समोरून गाडी येऊन डोळे दिपले तर त्याहूनही कमी. एवढं झाल्यावर तोच मुलगा म्हणाला, "आमच्याच चार ट्रॉल्या आहेत, मॅडम." त्या शनिवारी त्यानं वडिलांच्या मागे लागून चारही ट्रॉल्यांना मागून लाल आणि बाजूनं पिवळं रेडियम लावून घेतलं.

हेल्मेटच्या किश्शात स्टाफची परीक्षा झाली. दाखवायला म्हणून शिक्षकांचीच हेल्मेट मागवली होती. टेबलावर सगळ्यांत देखणं होतं ते एका तरुण सरांचं, काळं, चकचकीत, वर बाण काढलेलं. मॅडमनी ते उलटं केलं आणि आतलं कापडी अस्तर बाजूला सारून मुलांना बोटानं दाबून बघायला सांगितलं. चांगल्या हेल्मेटमध्ये कवच आणि अस्तर यांच्या मध्ये कडक, दाट थर्माकोलचा जाड थर असतो. धडक बसली की तो थर चिरडतो आणि डोक्यावर येणारा धक्का तेवढा उशिरा आणि कमी बसतो. म्हणूनच एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलायचं असतं. त्या देखण्या हेल्मेटमध्ये नुसता मऊ स्पंज होता, बोट थेट कवचाला लागलं. मागच्या स्टिकरवर आयएसआयचं चिन्ह होतं, पण त्याच्या वर आयएस ४१५१ हा मानक क्रमांक नव्हता आणि खाली परवान्याचा सीएम/एल क्रमांकही नव्हता. हे दोन्ही नसेल तर त्या चिन्हाला अर्थ नाही. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी बीआयएस प्रमाणित हेल्मेटच विकायला परवानगी आहे, तरी रस्त्याकडेला असला माल मिळतोच. टेबलावर टिकलं ते एकच हेल्मेट, शिपाईमामांचं, ओरखडलेलं, फिकट रंगाचं, पण आतून शाबूत.

मामांचं हेल्मेट शाबूत निघालं, पण पट्ट्याच्या परीक्षेत तेही नापास झालं. परीक्षा अशी: हेल्मेट घालायचं, पट्टा लावायचा, मान थोडी पुढे झुकवायची आणि दुसऱ्यानं हेल्मेट मागच्या कडेला धरून वर-पुढे ढकलायचं. नीट मापाचं, नीट बांधलेलं हेल्मेट भुवयांपाशी अडतं. सैल असेल तर टोपीसारखं निघून हातात येतं. मामांचं हातात आलं, कारण पट्टा हनुवटीपासून चार बोटं खाली लोंबत होता. पट्टा आणि हनुवटीच्या खालची कातडी यांत दोन बोटं जेमतेम मावावीत, एवढा तो आवळायचा. कायद्याच्या कलम १२९ मध्येही हेल्मेट पट्ट्यानं घट्ट बांधलेलं असावं असंच म्हटलं आहे, नुसतं डोक्यावर असणं पुरत नाही. मामांनी तिथंच पट्टा आवळला आणि विचारलं, "मग इतकी वर्षं मी काय घालत होतो?" मॅडम म्हणाल्या, "मामा, आतापर्यंत तुम्ही दंड वाचवत होता. आजपासून डोकं वाचवा."

शेवटची पाच मिनिटं मॅडमनी राखून ठेवली होती कॉलेजच्या बससाठी, आणि तिथं भाषणाचा ताबा बसच्या काकांनी घेतला. काका कमी बोलणारे, कार्यक्रमाला यायलाही तयार नव्हते. त्यांना फक्त बस मैदानाच्या कडेला लावून द्यायला सांगितलं होतं. एका मुलीला चालकाच्या सीटवर बसवलं आणि बाकीच्यांना बसच्या अगदी पुढे, डाव्या बाजूला, मागे असं उभं केलं. तिनं आरशांत पाहून किती जण दिसतात ते सांगायचं होतं. तिला उजवीकडचे दोघे दिसले. डाव्या बाजूला चाकापाशी उभा असलेला आठ जणांचा घोळका तिला दिसलाच नाही. मग काका खिडकीतून बोलायला लागले आणि थांबेनात. बस डावीकडे वळायच्या आधी जागा घ्यायला जरा उजवीकडे जाते. दुचाकीवाल्याला वाटतं, डावीकडे वाट मोकळी झाली, आणि तो आत घुसतो. वळताना बसचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या आतून, फुटपाथला लागून जातं, आणि तो नेमका तिथं असतो. "मला तू आरशात दिसला नाहीस तर मला तू नाहीसच," ते म्हणाले. ओळखायची खूणही त्यांनीच दिली: बसच्या आरशात तुम्हाला चालकाचं तोंड दिसत नसेल तर चालकालाही तुम्ही दिसत नाही. मागे राहा, वळू दे, मग जा. एवढ्यात कुणीतरी विचारलं, प्राचार्य सर कुठं आहेत? काकांनी दोन्ही आरसे पाहिले आणि सर आले नाहीत म्हणून सांगितलं. प्राचार्य त्यांच्या डाव्या दारापाशी, पुढच्या चाकाला टेकून उभे होते.

प्रश्नोत्तरांना वेळ उरला नव्हता, तरी एक प्रश्न आला. कार्यक्रमभर गप्प असलेली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सगळं चालवणाऱ्याला सांगितलं. मी तर मागंच बसते. मी काय करू?" पडद्यामागे आम्ही केलेल्या सगळ्या तयारीत हा मुद्दा कुणालाच सुचला नव्हता. एनसीसीच्या सरांनी खिशातला पेन ड्राइव्ह काढला नाही, पण त्यातला एक आकडा त्यांना पाठ होता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली हेल्मेट नसताना देशात जे दुचाकीस्वार मृत्युमुखी पडले, त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. बाजूला ठेवलेल्या त्या सगळ्या आकड्यांपैकी हा एकच भाषणात शिरला, आणि मुलं त्याच्याशीच सगळ्यांत जास्त वेळ थांबली. मॅडमनी तिला तीन गोष्टी सांगितल्या. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट, पट्ट्यासकट. तिघं बसत असतील तर आपण उतरायचं. आणि ज्याच्याकडे लर्निंग लायसन्सच आहे त्याच्या मागे बसायचंच नाही, कारण शिकाऊ चालकाला मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही बसवता येत नाही. घंटा झाली, मुलं डबे खायला गेली आणि ती मुलगी आपल्या भावाला फोन करून संध्याकाळी घ्यायला येताना दोन हेल्मेट आणायला सांगत होती.

लर्निंग लायसन्सचं बाकीचं काम तसं सोपं आहे. सारथी पोर्टलवर अर्ज, पडद्यावर पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर आले की काम झालं. लायसन्स सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनी पक्क्या परीक्षेला जाता येतं. तेवढ्या काळात गाडीवर पांढऱ्यावर लाल 'एल' असला पाहिजे. चिन्हं पाठ करून नऊ उत्तरं सहज येतात. एकवीस मीटरच्या रेघेवर उभं राहून ५४ चा आकडा कळणं मात्र त्या पंधरा प्रश्नांत नाही, आणि मूल वाचणार आहे ते त्या समजेनं. म्हणून ज्या शाळांना आणि कॉलेजांना असा कार्यक्रम घ्यायचा आहे त्यांनी शपथ आणि स्लाइड बाजूला ठेवाव्यात. पोरांना मैदानात न्यावं, एक टेप, एक फक्कीची पिशवी, एक मोजपट्टी आणि उभी केलेली एक बस एवढंच सोबत घ्यावं, आणि अंतर त्यांना स्वतः मोजू द्यावं. आणि पालकांनी आज रात्री घरच्या गाडीचं आरसी बुक उघडून त्यावरचा सीसीचा आकडा वाचावा. तो ५० च्या वर असेल आणि मुलाला अठरा पूर्ण झाली नसतील, तर किल्ली आपल्याच खिशात ठेवावी.